वॉर्डचा वार आणि क्लासचा रविवार

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलामुलींना घरून फोन आला की प्रश्न ठरलेला असतो, ‘अभ्यास कुठवर आलाय?’ उत्तर देणं अवघड जातं, कारण समोर दोन वेगळ्या परीक्षा असतात. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची परीक्षा लेखी उत्तरांची आणि पेशंटच्या खाटेशेजारी उभं राहून द्यायच्या प्रात्यक्षिकाची. एमडी-एमएसच्या प्रवेशासाठीची नीट-पीजी मात्र २०० बहुपर्यायी प्रश्नांची, साडेतीन तासांची. बरोबर उत्तराला ४ गुण, चुकलं तर १ गुण वजा. विद्यापीठाच्या परीक्षेचा भार मेडिसिन, सर्जरी, स्त्रीरोग-प्रसूती आणि बालरोग या मोठ्या विषयांवर, तर नीट-पीजीला पहिल्या वर्षाच्या ॲनाटॉमीपासूनचे सगळे १९ विषय.

सकाळी नऊ ते बारा वॉर्ड, दुपारी लेक्चर, संध्याकाळी ॲपवरचे व्हिडिओ, रविवारी दिवसभर क्लास. या ओढाताणीत कुठेतरी कात्री लावावी लागते आणि बहुतेक मुलं ती सकाळच्या वॉर्डला लावतात. हजेरीपुरतं तोंड दाखवायचं आणि लायब्ररी गाठायची. माझं स्पष्ट मत आहे की हा सगळ्यात महाग सौदा आहे.

आधी हजेरीचं बघू. नियम लेखी विषयाला ७५ टक्के आणि प्रात्यक्षिकाला, म्हणजे वॉर्डला, ८० टक्के. दोन्हींची मोजणी वेगळी, तीही विषयवार. लेक्चरला शंभर टक्के हजर राहिलात म्हणून वॉर्डची तूट भरून निघत नाही आणि सर्जरीची जादा हजेरी बालरोगाच्या कामी येत नाही. आठवड्याचे सहा दिवस धरले तर चार आठवड्यांच्या पोस्टिंगमध्ये २४ दिवस होतात. त्याचे ८० टक्के १९.२, म्हणजे २० दिवस हजेरी हवी. हाताशी उरतात चार दिवस. पोस्टिंग दोन आठवड्यांचीच असेल तर १२ पैकी १० दिवस हवेत आणि सुट्या उरतात फक्त दोन. त्यातली एक बहिणीच्या साखरपुड्याला गेली, दुसरी तापात गेली, की क्लासच्या टेस्टसाठी काही शिल्लक राहत नाही. म्हणून फटका बहुधा छोट्या पोस्टिंगमध्ये बसतो. मुलं मोठ्या विषयांची हजेरी सांभाळतात आणि छोट्या पोस्टिंगची तूट त्यांना टर्म संपताना नोटीस बोर्डावर कळते. पोस्टिंग सुरू झाली त्याच दिवशी वहीत ‘इतके दिवस हाताशी’ असं लिहून ठेवलं, तर हा घोळ होत नाही.

पण हजेरीपेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. मेडिसिनच्या वॉर्डमधल्या एका खाटेजवळ जाऊ. पंचेचाळिशीचा माणूस, पोट फुगलेलं, पायावर सूज, डोळे पिवळट. विद्यार्थिनी हिस्ट्री घेते: दारू किती वर्षं, पोट कधीपासून, रक्ताची उलटी झाली का. मग त्याला कुशीवर वळवून पोटावर बोटांनी ठोकून बघते, पाणी सरकतं तसा आवाज बदलतो. इतकं नीट केलं तर विद्यापीठाची प्रात्यक्षिकाची मोठी केस तयार झाली. बहुतेक जण इथेच थांबतात.

खरं तर पुढची दहा मिनिटं नीट-पीजीची आहेत. पोटातल्या पाण्याचा रिपोर्ट केसपेपरला लावलेला असतो. रक्तातलं अल्ब्युमिन २.८, पाण्यातलं ०.९, फरक १.९. हा फरक १.१ किंवा जास्त असेल तर यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीतला दाब वाढलेला असतो. त्याहून कमी असेल तर पोटाचा टीबी किंवा कॅन्सर यांचा विचार करावा लागतो. त्याच कागदावर पेशींची संख्या असते. न्यूट्रोफिल २५० किंवा जास्त असतील तर पाण्याला जंतुसंसर्ग झाला आहे असं धरून लगेच अँटिबायोटिक सुरू करायचं, कल्चरच्या रिपोर्टची वाट बघायची नाही. प्रवेश परीक्षेत प्रश्न याच आकड्यांवर बेतलेले असतात: फरक ०.८ दिलेला, सोबत वजन घटलेलं आणि संध्याकाळचा बारीक ताप, तर निदान काय? ज्याने वॉर्डमध्ये तो कागद एकदा हातात धरून वजाबाकी केली आहे, त्याला १.१ हा आकडा पाठ करावा लागत नाही. तीच गोष्ट व्हिडिओत ऐकली तर पंधरा दिवसांत ‘जास्त म्हणजे टीबी की कमी म्हणजे टीबी’ असा गोंधळ होतो आणि एक गुण वजा होतो.

यातून वेळापत्रकाची एक सोपी रीत निघते. प्रत्येक युनिटचे वार ठरलेले असतात: ओपीडीचा एक, इमर्जन्सीचा एक, सर्जरीत ऑपरेशनचा एक. आपलं युनिट मंगळवारी इमर्जन्सीला असेल तर बुधवारच्या राउंडला नवे पेशंट असणार आणि राउंड लांबणार. बुधवारी संध्याकाळी तासाभराचं नवं लेक्चर ऐकायचा बेत आखणं फुकट आहे. त्या संध्याकाळी सकाळी पाहिलेल्या आजाराचे तीस-चाळीस प्रश्न क्यूबँकमधून सोडवावेत आणि चुकलेल्यांचीच उत्तरं वाचावीत. व्हिडिओ ठेवावेत हलक्या दिवसांना, आणि तेही चालू पोस्टिंगच्या विषयाचेच. वॉर्डात बालरोग आणि ॲपवर फार्माकॉलॉजी अशी फारकत झाली की दोन्हीकडे नवखेपणा राहतो.

क्लासचं गणितही रोखठोक आहे. रविवारी आठ तास ऐकलेलं पचवायला आठवड्यात निदान तेवढेच तास हवेत. वॉर्ड, लेक्चर, झोप वजा जाता रोजचे तीन तास उरतात, म्हणजे सहा दिवसांचे अठरा. त्यातले आठ क्लासने घेतले, तर विद्यापीठाच्या अभ्यासाला दहा उरतात. ही ओढाताण जेमतेम निभते. पण त्यावर दुसरं ॲप घेतलं, मित्राच्या नोट्सही घेतल्या, की बॅकलॉग चढायला लागतो. तो चढतोय हे ओळखायची खूण सोपी आहे: पाहिलेल्या व्हिडिओंचे तास वाढत जातात आणि सोडवलेल्या प्रश्नांचा आकडा तिथेच राहतो. असं तीन-चार आठवडे दिसलं तर रविवारचे एक-दोन वर्ग सोडून द्यावेत. फी भरली आहे म्हणून जाऊन बसण्यात पैसे तर परत मिळत नाहीत, वर रविवारही जातो. ज्यांचं कॉलेज क्लासच्या शहरापासून दूर आहे आणि शनिवारच्या रात्री एसटीत जातात, त्यांनी तर हा हिशेब फी भरण्याआधीच करावा.

प्रिलिमच्या साधारण दोन महिने आधी मात्र क्लास आणि ग्रँड टेस्ट बाजूला ठेवाव्यात, असं मी आग्रहाने सांगेन. बहुपर्यायी प्रश्नांची सवय लागलेल्या मुलाला उत्तर ओळखता येतं, पण ‘प्रसूतीनंतरचा रक्तस्राव’ यावर तीन पानं लिहायला बसवलं की व्याख्या, कारणं, उपचार अशी मांडणी सुचत नाही. हात थांबतो. रोज एक दीर्घोत्तरी प्रश्न घड्याळ लावून लिहिणं आणि संध्याकाळी वॉर्डात जाऊन एक केस मित्राला प्रेझेंट करणं, एवढंच या दिवसांत करावं. विद्यापीठात एक विषय राहिला तर इंटर्नशिप पुढे जाते. ती ठरलेल्या तारखेपर्यंत पूर्ण नसेल, तर नीट-पीजीला त्या वर्षी बसताच येत नाही.

आणि उरलेले विषय? ॲनाटॉमी, बायोकेमिस्ट्री, मायक्रोबायोलॉजी यांची उजळणी शेवटच्या वर्षात कोंबू नये. इंटर्नशिपमध्ये कम्युनिटी मेडिसिनचे बारा आठवडे असतात, बहुधा ग्रामीण किंवा शहरी आरोग्य केंद्रात. तिथली ओपीडी दुपारी ओसरते. सर्जरी किंवा प्रसूतीच्या पोस्टिंगमध्ये मिळत नाहीत असे सलग चार-पाच तास तिथे मिळतात आणि हे छोटे विषय प्रश्न सोडवत सोडवत तेवढ्यात उरकता येतात. इंटर्नशिपचं वेळापत्रक हातात आलं की ते बारा आठवडे परीक्षेच्या आधी किती जवळ पडतात, हे पहिल्यांदा बघावं. फार लवकर आले असतील, तर अदलाबदलीसाठी लगेच अर्ज करावा. जिथे अशी सोय असते, तिथेही ती पोस्टिंग सुरू व्हायच्या आधीच मिळते.