दांडीवरचा चेंडू आणि मोटरची दिरंगाई

कंट्रोल सिस्टिम शिकवणाऱ्या बहुतेक प्रयोगशाळांत हे उपकरण असतं. अर्धा-पाऊण मीटर लांबीची खाचेची दांडी, तिला तिरपी करणारी मोटर, आणि दांडीवर मोकळा सोडलेला पोलादी गोळा. दांडी जराशी कलली की गोळा घरंगळायला लागतो. पुन्हा आडवी केली तरी तो थांबत नाही, मिळालेल्या वेगाने पुढे जातच राहतो. त्याला मध्यावर आणून उभा करायचा, एवढंच काम.

आधी गणित मांडू. उतारावर गुरुत्वाकर्षण गोळ्याला खाली ओढतं, पण ती सगळी ओढ पुढे जाण्यात खर्ची पडत नाही. थोडी गोळ्याला फिरवण्यात जाते. भरीव गोळ्याचं हे फिरणं वस्तुमानात दोन पंचमांशाची भर पडावी तसं वागतं. म्हणून त्वरण पूर्ण न मिळता त्याच्या 5/7 मिळतं, गोळा जड असो की हलका. 9.8 ला 5/7 ने गुणलं की 7 येतात. कोन लहान असेल आणि रेडियनमध्ये मोजला, तर सगळं एका ओळीत मावतं:

```
x'' = 7θ
```

इथे x म्हणजे मध्यापासूनचं अंतर आणि θ म्हणजे दांडीचा कोन. गोळा खाचेच्या दोन कडांवर टेकून चालत असेल, तर तेवढ्याच अंतरात तो जास्त गिरक्या घेतो आणि 7 चे 6 सुद्धा होतात. म्हणून दांडी ठरावीक कोनात धरून गोळ्याला लागणारा वेळ मोजावा आणि आकडा स्वतः काढावा.

आता नियंत्रण. अंतराच्या प्रमाणात दांडी उलटी कलवली, तर गोळा मध्यावर येतो खरा, पण नेमका तिथेच त्याचा वेग सर्वात जास्त असतो. तो पलीकडे जातो, परत येतो, आणि हे झोके संपत नाहीत. त्यासाठी वेगाचाही हिशेब धरावा लागतो. हाच पीडी कंट्रोलर:

```
u = -(Kp·x + Kd·v)
```

u हा मोटरला दिलेला कोनाचा हुकूम. Kp = 3.57 आणि Kd = 1 घेतलं, तर गोळा 5 सेंटिमीटर सरकल्यावर दांडी सुमारे 10 अंश कलते आणि कागदावर गोळा जेमतेम एकदा पुढे जाऊन स्थिरावतो.

स्टेट फीडबॅक म्हणजे यंत्रणेची स्थिती सांगणाऱ्या सगळ्या राशी वापरणं. मोटर हुकूम मिळताच त्या कोनात पोचते असं धरलं, तर त्या राशी दोनच उरतात, अंतर आणि वेग. म्हणजे वरचंच सूत्र! तोवर या दोन पद्धतींत काडीचाही फरक नाही.

फरक पडतो तो मोटरच्या दिरंगाईमुळे. समजा, 0.1 सेकंदात मोटर हुकुमातलं 63 टक्के अंतरच कापते. मग आधीच्याच Kp, Kd वर गोळा बराच पुढे जाऊन तीन-चार झोके घेतो. कारण असं: गोळ्याच्या हालचालीचे आता तीन घटक होतात, आणि प्रत्येक घटक आपापल्या दराने विरतो. पीडीमध्ये या तीन दरांची बेरीज कायम 10 राहते, Kp आणि Kd कितीही फिरवा. झोक्याच्या दोन घटकांना 3.5-3.5 हवे होते, पण त्यांच्या वाट्याला सुमारे 2.2 येतात. हट्टाने 3.5 दिले, तर तिसऱ्याला 3 उरतात आणि तो रेंगाळत राहतो. बेरीज मोटरने ठरवून टाकलेली असते.

स्टेट फीडबॅक नेमकी हीच बेरीज बदलतो, कारण तो दांडीचा खरा कोनही वापरतो:

```
u = -(3.57·x + 1.36·v + 0.7·θ)
```

आता दर 3.5, 3.5 आणि 10 होतात, बेरीज 17. झोके पुन्हा हवे तसे विरतात. हे फुकट मिळत नाही. मोटरला जास्त जोरकस हुकूम जातात, तेव्हा तिच्यात तेवढी ताकद हवी. शिवाय कोन मोजता यायला हवा, आणि छंदासाठी मिळणारी तीन तारांची सर्व्हो मोटर आपला कोन बाहेर सांगत नाही. तिथे वेगळा पोटेन्शिओमीटर बसवावा लागतो.

वेगाची अडचण दोघांनाही आहे. सेन्सर 1 मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मोजत असेल आणि दर 20 मिलिसेकंदांनी वाचन होत असेल, तर एका पायरीची उडी म्हणजे सेकंदाला 5 सेंटिमीटरचा खोटा वेग. Kd = 1 असताना त्यावर दांडी 3 अंशांचा हिसका खाते. गोळा शांत असताना मोटर गुरगुरत असेल, तर दोष बहुधा इथेच असतो. फिल्टर लावला की हिसके जातात, पण दिरंगाई वाढते. त्यापेक्षा ऑब्झर्व्हर बरा: दांडीच्या कोनावरून तो गोळ्याच्या वेगाचा अंदाज बांधतो आणि मोजलेल्या अंतराशी ताडून तो सुधारत राहतो.

टेबल एक अंश कलतं असेल, तर मात्र दोन्ही पद्धती चुकतात. पीडीत गोळा मध्यापासून सुमारे 5 मिलिमीटरवर थांबतो, आणि मोटरपाशी मोजलेला कोन वापरणाऱ्या स्टेट फीडबॅकमध्ये 8 मिलिमीटरवर. तिथे चुकीची बेरीज करत जाणारं इंटिग्रल पद जोडावं लागतं.