नळीतल्या हवेतून ध्वनीचा वेग

अनुनाद नलिका म्हणजे वरचे तोंड उघडे असलेली काचेची उभी नळी. तिला रबरी नळीने पाण्याचे भांडे जोडलेले असते. भांडे वर-खाली केले की नळीतले पाणी चढते-उतरते आणि पाण्यावरच्या हवेच्या स्तंभाची लांबी बदलते. नादकाटा रबरावर आपटून तोंडाजवळ धरायचा, त्याचे पाते काचेला लागू द्यायचे नाही आणि पाणी सावकाश खाली न्यायचे. एका ठिकाणी क्षीण सूर एकदम भरून येतो. हा पहिला अनुनाद. पाणी आणखी बरेच उतरले की सूर पुन्हा भरतो, पण या वेळी जरा मंद. तो दुसरा.

पाण्याच्या पृष्ठभागाशी हवेला हलता येत नाही, म्हणून तिथे निस्पंद बिंदू असतो. उघड्या तोंडाशी हवा सर्वाधिक हलते. म्हणून पहिल्या अनुनादाच्या वेळी स्तंभात पाव तरंगलांबी बसते, दुसऱ्याच्या वेळी पाऊण. मात्र हवेची हालचाल नळीच्या काठापाशी थांबत नाही, थोडी बाहेरही पसरते. त्यामुळे ध्वनीच्या दृष्टीने नळी मोजलेल्या लांबीपेक्षा किंचित लांब ठरते. ही वाढ म्हणजे टोकाची दुरुस्ती, e:

l₁ + e = λ/4
l₂ + e = 3λ/4

दोन्ही ओळींत e तीच आहे, म्हणून वजाबाकीत ती नाहीशी होते. उरते l₂ − l₁ = λ/2. नादकाट्याची वारंवारता n असेल, तर वेग v = 2n(l₂ − l₁). सगळ्या प्रयोगाचे मर्म या वजाबाकीत आहे.

समजा, हवेचे तापमान २७ अंश सेल्सिअस, नादकाटा ५१२ हर्ट्झचा, नळीचा आतला व्यास ३.२ सेंमी. अनुनाद १६.० आणि ४९.९ सेंमीवर मिळाले. फरक ३३.९ सेंमी, म्हणजे ०.३३९ मीटर. त्यावरून वेग २ × ५१२ × ०.३३९, सुमारे ३४७ मीटर प्रतिसेकंद. या तापमानाच्या कोरड्या हवेतला वेग एवढाच असतो. नळीतल्या दमट हवेत तो एक-दोन मीटरने जास्त भरू शकतो. दुरुस्ती सोडून केवळ पहिल्या लांबीची चौपट घेतली असती, तर उत्तर ३२८ च्या आसपास आले असते. जवळजवळ वीस मीटरची तूट!

दुरुस्तीही याच आकड्यांतून निघते: e = (l₂ − 3l₁)/2 = ०.९५ सेंमी. व्यासाच्या ०.३ पट या नेहमीच्या अंदाजाशी, म्हणजे ०.९६ सेंमीशी, ती जुळते. पण इथे जपून राहावे. फरकात एक मिलिमीटर चुकला तर वेग जेमतेम एका मीटरने बदलतो. L₁ मध्ये तेवढीच चूक झाली तर e दीड मिलिमीटरने, म्हणजे सुमारे सोळा टक्क्यांनी बिघडते. म्हणून अनुनादाची जागा पाणी उतरवताना एकदा आणि चढवताना एकदा शोधून सरासरी घेतात. दुसरी लांबी पहिलीच्या तिपटीहून कमी भरली, तर e ऋण येते. तसे होणे शक्य नाही. तेव्हा निदान एक मोजणी चुकली असे समजून दोन्ही अनुनाद पुन्हा शोधावेत.