'बंद' म्हणजे नेमकं किती बंद?

दुपारी १ ते ४ दुकान बंद, यावरून पुण्यात चितळे बंधूंवर जितके विनोद झाले तितके क्वचितच कुठल्या मिठाईवर झाले असतील. २०१७ मध्ये त्यांनी ही दुपारची सुट्टी मोडायचं ठरवलं, तेव्हा त्याची चक्क बातमी झाली. गल्लीतल्या खानावळीच्या नशिबी असं भाग्य नसतं. तिनं वेळ बदलली तर फार तर दारावर एक कागद चिकटतो. गिऱ्हाईक मात्र दारापर्यंत येण्याआधी मोबाइलमधला नकाशा उघडतं आणि तिथं जे लिहिलंय तेच खरं धरून चालतं.

समजा, नारायण पेठेत एक थाळीची खानावळ आहे. दुपारी साडेअकरा ते तीन, संध्याकाळी सात ते साडेदहा, सोमवारी संध्याकाळी सुट्टी. गूगलवरची नोंद चार वर्षांपूर्वी मालकाच्या भाच्यानं केली. भरताना त्यानं 'सकाळी ११ ते रात्री ११, रोज' एवढंच टाकलं. हिंजवडीहून दोघं दुपारी चार वाजता येतात, शटर अर्धं खाली, आत मंडळी पाठ टेकून पडलेली. ती दोघं उपाशी परततात आणि रिक्षात बसल्या बसल्या एक तारा देऊन मोकळी होतात. थाळी चाखलेलीच नसते, तरी मानांकन तिच्याच नावावर पडतं.

यावरचा उपाय दोन मिनिटांचा आहे, पण तो माहीत नसतो. गूगलच्या बिझनेस प्रोफाइलमध्ये एकाच दिवसाला वेळेच्या दोन जोड्या देता येतात: साडेअकरा ते तीन आणि सात ते साडेदहा. मध्यरात्रीनंतर चालणाऱ्या ठिकाणांचा घोळ वेगळा असतो. शनिवारी रात्री एकपर्यंत चालणारा धाबा असेल, तर तो एक वाजेपर्यंतचा वेळ शनिवारच्याच ओळीत लिहायचा, रविवारच्या नव्हे. आणि साडेदहा लिहायचं तर दहा पंचविसाला आलेल्याला थाळी मिळायला हवी. स्वयंपाकघर सव्वादहाला आवरत असेल, तर प्रामाणिक आकडा सव्वादहा हाच.

नेहमीच्या वेळा झाल्या, पण खरी गंमत 'बंद' या शब्दात आहे. नकाशाच्या लेखी बंद तीन प्रकारचं असतं.

पहिलं सणावारापुरतं. अनंत चतुर्दशीला विसर्जन मिरवणुकीमुळे पेठांतले रस्ते वाहनांना बंद होतात. त्या दिवशी खानावळ बंद ठेवायची, किंवा उलट मिरवणुकीतल्या गर्दीसाठी रात्रभर पोहे-चहा चालू ठेवायचा, तर नेहमीच्या वेळांना हात लावायचा नाही. त्यासाठी Special hours नावाचा वेगळा रकाना आहे. तारीख टाकायची, वेळ टाकायची. तो दिवस सरला की जुनं वेळापत्रक आपोआप परत येतं. सणाच्या दिवसाची वेळ भरली नाही, तर सणामुळे वेळा बदललेल्या असू शकतात अशी शंका गूगल गिऱ्हाइकाला दाखवतं. म्हणून नेहमीसारखंच उघडं असेल तरी तीच वेळ पुन्हा भरून ठेवलेली बरी.

दुसरं Temporarily closed. मे महिन्यात मालक दहा दिवस गावच्या जत्रेला गेला, किंवा भटारखान्याची फरशी उखडली, तर हे बटण. सहा दिवसांपर्यंतच्या बदलाला Special hours पुरतं, त्याहून मोठ्या सुट्टीला हे वापरावं, अशी गूगलचीच सूचना आहे. खोच अशी, की हे आपोआप उलटत नाही. जत्रा संपते, मालक परततो, गल्ल्यावर बसतो, दुकान उघडं, पाटी उघडी, आणि नकाशावर मात्र अजून 'तात्पुरतं बंद'. गर्दी का ओसरली हे आठवडाभर कळत नाही. दोष उन्हाळ्याला दिला जातो.

तिसरं Permanently closed, आणि ते मालकानंच लावलेलं असेल असं नाही. नकाशावर Suggest an edit हा पर्याय कुणालाही उघडा असतो. चार वाजता उपाशी परतलेलं गिऱ्हाईक तो सद्‌हेतूनंही वापरू शकतं, आणि प्रतिस्पर्धी वाईट हेतूनं. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात 'सर्बियन क्राउन' नावाचं सुमारे चाळीस वर्षं जुनं हॉटेल होतं. २०१२ च्या सुरुवातीला शनिवार-रविवारची गर्दी अचानक आटली. एका जुन्या गिऱ्हाइकानं फोन करून, शनिवार, रविवार आणि सोमवार बंद का ठेवता, असं विचारलं तेव्हा कुठे उलगडा झाला: गूगलच्या नोंदीत तसं लिहिलं होतं. हॉटेल २०१३ मध्ये बंद पडलं आणि मालकानं गूगलवर दावा लावला. त्यांना इंटरनेटचा गंधही नव्हता. आपल्याकडच्या कितीतरी मालकांची स्थिती याहून वेगळी नाही.

आपली नोंद कुणी बदलली हे ओळखायचं कसं? स्वतःच्या लॉगिनमधून नव्हे, तर दुसऱ्याच्या फोनवर हॉटेलचं नाव शोधून पाहायचं. गिऱ्हाइकाला काय दिसतं ते तिथंच कळतं. बदल झाल्याचा ईमेल गूगल पाठवतंच, पण तो नोंद करणाऱ्याच्या पत्त्यावर जातो. आपल्या खानावळीचा भाचा आता कॅनडात आहे आणि तो जुना ईमेल त्यानं केव्हाच सोडलाय. अशा वेळी मालकी हक्काची विनंती टाकता येते. आधीच्या धारकाला उत्तर द्यायला तीन दिवस मिळतात. त्यानं मौन पाळलं तर पुढे पडताळणी करून नोंद आपल्या नावावर घेण्याची वाट बहुतेक वेळा मोकळी होते. 'गूगलमधून बोलतोय, नोंद चालू ठेवायला पैसे भरा' असा फोन आला तर खुशाल ठेवून द्यावा. ही नोंद फुकट असते.

एवढं सगळं नीट केलं तरी झोमॅटो आणि स्विगीला त्याचा पत्ताही नसतो. नकाशावर सुट्टी लावली म्हणून ॲपवर ती लागत नाही. तिथल्या वेळा वेगळ्या आणि 'ऑर्डर घेणे चालू-बंद' करण्याचं बटणही वेगळं. विसर्जनाच्या दिवशी ते चालू राहिलं, तर रिकाम्या स्वयंपाकघरात टॅबलेट वाजत राहतो. ऑर्डर कुणी स्वीकारत नाही, ती रद्द होते, आणि ते हॉटेलच्याच खात्यावर चढतं.

पदार्थांचंही तसंच. हंगामात आमरस थाळी ॲपवर चढते, जूनमध्ये आंबा संपतो, पण थाळी पाटीवर तशीच राहते आणि ऑगस्टमध्ये कुणीतरी ती मागवतो. मग फोन, माफी, रद्द. इथे पदार्थ काढून टाकू नये, नुसता 'उपलब्ध नाही' करावा. फोटो आणि वर्णन जागेवर राहतं, आणि पुढच्या एप्रिलमध्ये फक्त भाव बदलून बटण दाबलं की काम झालं.

भावाचा सगळ्यात चिवट शत्रू मात्र फोटो आहे, तोही गिऱ्हाइकानं काढलेला. कुणीतरी कौतुकानं भिंतीवरच्या दरफलकाचा फोटो नकाशावर टाकतं. त्यात थाळी १२० रुपये. आज ती १८० आहे. हा फोटो मालकाला पुसता येत नाही. फार तर तक्रार करता येते, पण जुना भाव हा काही नियमभंग नव्हे. उरतो एकच मार्ग: भाव बदलला की त्याच दिवशी नव्या फलकाचा फोटो आपणच टाकायचा. भरपूर उजेडात, ट्यूबलाइटची चमक न येता, समोरून काढलेला, कोपऱ्यात महिना आणि वर्ष लिहिलेला. म्हणजे गल्ल्यासमोर कुणी मोबाइल पुढे करून 'इथे तर १२० लिहिलंय' म्हणालं, की पोऱ्या त्याच स्क्रीनवर बोट सरकवून पुढचा फोटो दाखवू शकतो.