साहेबांची पंधरा मिनिटं

‘सर, थोडं बोलायचं होतं. तुम्हाला कधी वेळ आहे?’ असा मेल कंपनीच्या संचालकांना केला की बहुधा उत्तर येत नाही. साहेब खडूस असतात असं नाही. विषय काय, किती वेळ लागेल, घाई कितपत आहे, हे सगळं या मेलमुळे त्यांनाच विचारत बसावं लागतं. ‘तुमच्या सोयीने’ हे शब्द नम्र वाटतात खरे, पण सोय शोधायचं काम ते साहेबांवरच ढकलतात.

समजा, चाकणच्या एका कारखान्यातल्या खरेदी अधिकारी बाईंना रबरी सीलचा पुरवठादार बदलायचा आहे. नव्याचा दर शुक्रवारपर्यंतच कायम आहे आणि मंजुरी संचालकांची लागते. त्यांचा मेल असा असावा:

‘विषय: सील पुरवठादार – शुक्रवारपूर्वी मंजुरी, १५ मिनिटं

सर, नव्या पुरवठादाराचा दर शुक्रवारी संपतो, त्याआधी तुमचा होकार किंवा नकार हवा आहे. मंगळवारी ११.३०, बुधवारी ४ किंवा गुरुवारी सकाळी ९.१५, यांपैकी कोणतीही वेळ चालेल. भेट नको असेल तर सोबतचं एक पान पाहून “हो” किंवा “नाही” एवढं कळवलंत तरी पुरे.’

कारणाच्या त्या एका ओळीत निर्णय कोणता आणि कधीपर्यंत, एवढंच आहे. ‘सील पुरवठ्याबाबत चर्चा’ असं लिहिलं असतं, तर ही भेट पुढच्या आठवड्यावर गेली असती. जुना पुरवठादार कसा त्रास देतो, ही कहाणी सोबतच्या पानावर असू द्या. तिथेही ती थोडक्यात बरी.

वेळा सुचवण्याआधी साहेबांचं कॅलेंडर उघडून बघा. बऱ्याच कंपन्यांत त्यात तपशील दिसत नाही, पण मोकळी वेळ दिसते. वेळा वेगवेगळ्या दिवशीच्या असाव्यात, कारण साहेब एखादा दिवस दौऱ्यावर असले तर सगळ्याच वाया जातात. भेटीच्या वेळा स्वीय सहायक सांभाळत असतील, तर मेल त्यांनाही पाठवा. खरी पकड बहुतेक त्यांच्याच हातात असते. साहेब जर्मनीत बसत असतील, तर वेळेपुढे ‘भारतीय वेळ’ असं लिहून तिथली वेळही द्या. तिथलं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेतीन तास मागे असतं आणि हिवाळ्यात साडेचार, त्यामुळे मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस गोंधळ ठरलेला.

उत्तर नाही आलं, तर पहिली वेळ टळायच्या आत त्याच मेलवर एक ओळ टाका: ‘सर, बुधवार–गुरुवारच्या वेळा अजून मोकळ्या आहेत.’ नवा मेल नको आणि गाऱ्हाणंही नको.

होकार आला की निमंत्रण आपणच पाठवा. आउटलुक सहसा आपणहून अर्धा तास धरतं, ते बदलून पंधरा मिनिटं करा आणि अडवून ठेवलेल्या बाकीच्या दोन वेळा मोकळ्या करून टाका.