लाख, मिलियन आणि परदेशातील पगार

नांदेड-लातूरकडील घरांत परदेशस्थ मुलाचे स्थळ आले, की प्रथम पगाराचा आकडा वाचला जातो. समजा, परिचयपत्रात वार्षिक १२०,००० डॉलर लिहिले आहेत. स्वल्पविराम काढून उजवीकडून आधी तीन, मग दोन-दोन अंक जुळवावेत : १,२०,०००, म्हणजे एक लाख वीस हजार. डॉलर ८५ रुपयांचा धरल्यास एक कोटी दोन लाख रुपये होतात.

मात्र तेथील घर १.२ मिलियन डॉलरचे असेल, तर ते ‘सव्वा कोटीचे’ नव्हे. मिलियन म्हणजे दहा लाख. म्हणून बारा लाख डॉलर, अर्थात दहा कोटी वीस लाख रुपये. पगार व किंमत दोन्ही डॉलरमध्येच ठेवावीत. मग घरासाठी दहा वर्षांचा संपूर्ण पगार लागतो, हे दिसते. आणि त्यातून कर अजून वजा व्हायचाच असतो.