पॅनल चर्चा चालवताय? पहिली दीड मिनिटं आणि मधल्या दोन ओळी



मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांनी एकच विचारलं: "सर, बचत गटाच्या मेळाव्यात किंवा व्यापारी मंडळाच्या कार्यक्रमात चर्चेचं संचालन करायला सांगतात. सुरुवातीला काय बोलायचं? आणि एकाचं उत्तर संपल्यावर दुसऱ्याकडे कसं जायचं?" व्हिडिओत हे घाईत झालं होतं, म्हणून इथे नीट लिहितो.

आधी एक फरक समजून घ्या. आपल्याला सूत्रसंचालनाची सवय आहे: दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मान्यवरांचा परिचय. त्यात कार्यक्रमाचा क्रम सांभाळायचा असतो. पॅनल चर्चेत प्रश्न सांभाळायचा असतो. तीन माणसं एकाच प्रश्नावर बोलतायत आणि ऐकणारा त्यातून काहीतरी ठरवून घरी जाणार आहे. म्हणून तुमची पहिली दीड मिनिटं तो प्रश्न समोर ठेवण्यासाठी आहेत.

आपल्या कोनचंच उदाहरण घेऊ. समजा विषय आहे, "नव्या वसाहतीत पहिलं दुकान". पॅनलवर तीन जण आहेत: एक किराणा दुकानदार दादा, घरून डबे पुरवणाऱ्या ताई आणि बँकेतल्या कर्ज विभागाच्या मॅडम. सुरुवात अशी करता येईल:

"नमस्कार. २०१६ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांसाठी आपल्या कोनमधल्या २,४१७ घरांची सोडत काढली. ताबा मिळायला मात्र अनेक वर्षं गेली. मध्ये कोविडच्या काळात त्या इमारती विलगीकरणासाठी घेतल्या गेल्या. आता विचार करा, सोडतीची बातमी वाचून कुणी समोर गाळा घेतला असता, तर त्याने इतकी वर्षं भाडं कशाच्या जोरावर भरलं असतं? बिल्डिंग उभी राहिली म्हणजे गिऱ्हाईक आलं, असं नसतं. म्हणून आज प्रश्न एकच: नव्या वसाहतीत धंदा टाकला, तर पहिलं वर्ष काढायचं कसं? दादांनी ते गाळा घेऊन काढलं, ताईंनी गाळा न घेता काढलं, आणि मॅडम अशा धंद्यांची कर्जाची फाईल रोज बघतात. प्रत्येकाला एका वेळी दोन मिनिटं. शेवटची पंधरा मिनिटं तुमच्या प्रश्नांची. दादा, तुमच्यापासून सुरू करू. दुकान उघडलं त्या पहिल्या महिन्यात समोरच्या बिल्डिंगमध्ये किती घरांत माणसं होती?"

मोबाईलवर वेळ लावून हे मोठ्याने वाचा. दीड मिनिटाच्या आत बसतं. यात चारच गोष्टी आहेत: गावातली एक खरी घटना, तिच्यातून निघालेला एक प्रश्न, हीच तीन माणसं का बोलावली ते, आणि वेळेचा नियम. पदव्या आणि पुरस्कार इथे नकोत, ते बॅनरवर किंवा निमंत्रणात असतात. पहिला प्रश्नही बघा. "तुमचा प्रवास सांगा" असं विचारलं की माणूस शाळेपासून सुरू करतो. "किती घरांत माणसं होती?" म्हटलं की तो थेट दुकानात उभा राहतो.

आता मधल्या ओळी. सगळ्यात जास्त ऐकू येणारी ओळ म्हणजे, "खूप छान माहिती दिलीत, आता वळूया पुढच्या वक्त्यांकडे." ही ओळ कुठल्याही दोन माणसांमध्ये बसते, म्हणूनच ती कुणालाच जोडत नाही. चांगल्या ओळीला दोन टोकं असतात. आधीच्या उत्तरातला एक शब्द किंवा आकडा पकडायचा आणि त्यालाच धरून पुढच्याला प्रश्न करायचा.

समजा दादा म्हणाले, "आठ महिने निम्म्याहून जास्त खिडक्या अंधारात होत्या. मी फ्लॅट मोजून माल भरला होता. नंतर रोज संध्याकाळी दिवे मोजायला लागलो." यावर तुमची ओळ: "दादा म्हणतात, फ्लॅट मोजू नका, दिवे मोजा. ताई, दिवे तुमच्याही समोर तेवढेच होते. मग तुम्हाला पहिलं गिऱ्हाईक कुठून मिळालं?"

ताई सांगतात, "साईटवरचे सुपरवायझर, रंगकाम करणारे, वॉचमन यांना डबे दिले. राहायला माणसं नंतर आली." आता दोन उत्तरांत फरक दिसतोय, तो झाकू नका: "म्हणजे दादा राहायला येणाऱ्यांसाठी थांबले आणि ताईंनी बांधणाऱ्यांना जेवू घातलं. मॅडम, दोघंही मुद्रा कर्जाला आले असं धरू. ताईंना ५० हजारांच्या आतलं शिशू, दादांना ५ लाखांच्या आतलं किशोर. दादांची फाईल समोर आली तर पहिला प्रश्न काय विचाराल?" इथे मॅडमना योजनांची यादी वाचायला जागाच राहत नाही. त्यांना एका फाईलबद्दल बोलावं लागतं.

तरीही कुणी लांबलंच तर? वाक्य संपून श्वास घेतला जातो, तिथे त्यांचाच शब्द उचलून आत शिरा: "मॅडम, 'पहिला हप्ता' म्हणालात तिथे जरा थांबवतो, कारण दादांचे आठ महिने अंधारात गेलेत. दादा, त्या काळात हप्ता कशातून भरला असता?" त्यांचा शब्द उचलल्यामुळे अपमान होत नाही, आणि चर्चा पहिल्या माणसाकडे परत येते. नाहीतर पॅनल म्हणजे ओळीने झालेली तीन भाषणं.

या ओळी आयत्या वेळी सुचत नाहीत, त्यांची तयारी दोन दिवस आधीच्या फोनवर होते. प्रत्येकाला दहा मिनिटांचा फोन करा आणि तीन गोष्टी विचारा: पहिल्या वर्षातला एक आकडा, बाकीच्या दोघांशी कुठे पटणार नाही, आणि कुठली गोष्ट स्टेजवर काढू नये. तिसरा प्रश्न विसरू नका. दादांनी उधारी किंवा तोटा फोनवर विश्वासाने सांगितला असेल, तर त्यांच्या होकाराशिवाय तो माईकवर आणायचा नाही. एका कार्डावर प्रत्येकाचं नाव, आकडा आणि मतभेद एवढंच लिहा. पूर्ण वाक्यं लिहून आणलीत तर उत्तर ऐकायच्या ऐवजी तुम्ही कार्ड वाचत बसाल.

दोन ठिकाणी घसरायला होतं. एक, उत्तर आपल्या शब्दांत पुन्हा सांगत बसणं. दादा दोन मिनिटं बोलले आणि तुम्ही एक मिनिट तेच बोललात, तर लोक मोबाईल काढतात. दोन वाक्यांत प्रश्नावर या. दुसरं, समोरच्याच्या तोंडी न बोललेलं घालणं. दादा म्हणाले "आठ महिने कठीण गेले" आणि तुम्ही म्हणालात "दादा बुडाले होते", तर ते पुढची दोन मिनिटं खुलासा करण्यात घालवतील. म्हणून शब्द त्यांचेच ठेवा.

आपली ओळ जमली का, हे तपासायला सोपी युक्ती आहे. रेकॉर्डिंग ऐकताना ओळीतली नावं अदलाबदल करून बघा. दादांच्या जागी मॅडम घातल्या तरी ओळ तशीच चालत असेल, तर ती पोकळ आहे. "दिवे तुमच्याही समोर तेवढेच होते" हे मॅडमना म्हणता येत नाही. ते ताईंनाच म्हणता येतं.

शेवट करताना तिघांचा सारांश नको, सुरुवातीचा प्रश्नच परत विचारा: "समोर बसलेल्या कुणी उद्या गाळ्याचं डिपॉझिट भरायचं ठरवलंय. त्याआधी त्याने कुठली एक गोष्ट मोजावी? प्रत्येकी एक वाक्य." तिघांची तीन वाक्यं झाली की माईक प्रेक्षकांकडे द्या.

तुमच्या गावातला विषय आणि तिथली एक खरी घटना घेऊन सुरुवातीची दीड मिनिटं लिहा आणि कमेंटमध्ये टाका. पुढच्या व्हिडिओत त्यातल्या काही घेऊन ओळ न् ओळ बघू.