बापाची सिंह, लेकाची मकर

दोन माणसांचं पटत नसलं की मराठीत दोन शब्द हमखास कानावर येतात. 'त्यांचा छत्तीसचा आकडा आहे' हा एक आणि 'त्यांचं षडाष्टक आहे' हा दुसरा. पहिला नुसत्या रूपावरून आला, कारण ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले दिसतात. दुसरा मात्र सरळ पत्रिकेतून उचललेला आहे. एकाच्या राशीपासून दुसऱ्याची रास सहावी आली, तर उलट मोजताना ती आठवी येते. षट् आणि अष्टक मिळून षडाष्टक.

हा शब्द बहुतेकांना लग्नाच्या पत्रिका जुळवताना भेटतो. पण पत्रिका पाहणाऱ्यांकडे 'मुलाचं आणि ह्यांचं का पटत नाही, बघा ना' असं विचारत येणारी आईही नवी नाही. नवरा-बायकोसाठी छत्तीस गुणांचा तक्ता असतो. बाप-लेकासाठी तसा तक्ता नाही आणि गुण मोजायचे नसतात, कारण हे नातं निवडून जुळवलेलं नाही. इथे ज्योतिषी वेगळ्या वाटेने जातो. ती वाट कशी असते, हे नमुन्यादाखल एका बाप-लेकाच्या पत्रिका मांडून पाहू.

वडिलांचा जन्म १९७४ च्या कार्तिक वद्यातला, खेडेगावातला, 'दिवेलागणीच्या सुमाराला'. त्यांचं लग्न वृषभ, रास सिंह. मुलगा २००३ चा पावसाळा सरताना जन्मलेला. जन्मवेळ दवाखान्याच्या कागदावर मिनिटासकट. त्याचं लग्न तूळ, रास मकर. घरातली तक्रार अशी, की वडील काही विचारतात आणि उत्तर तिथल्या तिथे हवं असतं. मुलगा गप्प बसतो. त्या गप्पपणाला वडील उद्धटपणा समजतात, आवाज चढतो आणि मुलगा खोलीत निघून जातो. हे दर आठवड्याला होतं. तरीही रविवारी मटण दोघं मिळून करतात, मसाला कोणी भाजायचा यावरून गमतीने भांडतात आणि जुनी गाणी एकत्र ऐकतात. असं का, हा आईचा प्रश्न आहे.

ज्योतिषी आधी चंद्र पाहतो, कारण चंद्र म्हणजे मन. सिंहेपासून मोजायला लागलं की सिंह एक, कन्या दोन, तूळ तीन, वृश्चिक चार, धनू पाच, मकर सहा. मकरेपासून परत मोजलं तर सिंह आठवी. म्हणजे षडाष्टक. पण षडाष्टकं दोन प्रकारची मानतात. दोन्ही राशींचे स्वामी मित्र असतील किंवा दोन्हींचा स्वामी एकच असेल, तर ते प्रीती षडाष्टक. स्वामी एकमेकांचे शत्रू असतील तर मृत्यू षडाष्टक. नाव भयंकर असलं तरी व्यवहारात त्याचा अर्थ 'टोकाचं न पटणं' इतकाच घेतात. सिंहेचा स्वामी रवी, मकरेचा शनी. पुराणात शनी हा सूर्याचा आणि छायेचा मुलगा, आणि या बाप-लेकाचं कधी पटलं नाही. ग्रहांच्या मैत्रीच्या कोष्टकातही ते एकमेकांचे शत्रूच आहेत. म्हणजे आपल्या घरातला तंटा या मांडणीत आधीच लिहून ठेवलेला. सिंहेला मान आणि तत्काळ दाद हवी. मकर आधी आत पचवते, मग बोलते. ज्योतिषी सांगतो, 'अहो, तो उद्धट नाही. त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो.'

मग येते लग्नरास, म्हणजे जन्माच्या क्षणी पूर्व क्षितिजावर उगवत असलेली रास. तिच्यावरून स्वभावाची बाहेरची ठेवण पाहतात. वडिलांचं वृषभ, मुलाचं तूळ. इथेही सहा-आठच येतात, पण दोन्ही राशींचा स्वामी शुक्र. हे झालं प्रीती षडाष्टक. शुक्र चवीचा, सुरांचा, नीटनेटकेपणाचा. आईला रविवारच्या मटणाचं आणि जुन्या गाण्यांचं उत्तर इथे मिळतं. मनं भांडतात, आवडीनिवडी जुळतात.

तिसरी पायरी मुलाच्या पत्रिकेतल्या वडिलांच्या घराची. इथे पहिली मोठी गाठ बसते. महाराष्ट्रात बहुतेक ज्योतिषी दशम स्थानाला पितृस्थान मानतात, तर दक्षिणेत नवम स्थान वडिलांचं. आपल्या मुलाच्या तूळ लग्नाला दशमात कर्क येते. तिचा स्वामी चंद्र चौथ्या घरात मकरेत बसून समोरच्या दशमाकडे, म्हणजे स्वतःच्या घराकडे पाहतो. स्वामीची नजर असलेलं घर भक्कम मानतात, म्हणून आपल्याकडचा ज्योतिषी म्हणेल, 'वडिलांविषयी माया पक्की आहे.' हीच पत्रिका दक्षिणेतल्या पद्धतीने वाचली तर नवमात मिथुन येते आणि २००३ च्या उत्तरार्धात शनी मिथुनेतच होता. वडिलांच्या घरात शनी म्हटलं की अंतर आणि थंडपणा वाचला जातो. पत्रिका एकच, मुलगा तोच, आणि वाचणाऱ्याच्या प्रांताप्रमाणे नातं उबदार किंवा कोरडं.

दुसरी गाठ जन्मवेळेची. चंद्र एका राशीत साधारण सव्वादोन दिवस असतो. त्यामुळे वडिलांची रास सहसा चुकत नाही. राशी बदलण्याच्या वेळी जन्म असेल तरच घोळ होतो. लग्न मात्र साधारण दर दोन तासांनी बदलतं, आणि 'दिवेलागण' या शब्दात तास-दीड तास सहज मावतो. तो जन्म थोडा आधीचा असेल तर वडिलांचं लग्न मेष होईल. स्वामी मंगळ आणि मुलाच्या तुळेशी समसप्तक, म्हणजे समोरासमोर. थोडा नंतरचा असेल तर मिथुन, आणि मिथुनेचं तुळेशी नवपंचम, जे सगळ्यांत चांगलं मानतात. ज्या शुक्रावर आपण रविवारचं मटण टांगलं, तो दोन्ही वेळा निघून जातो. म्हणून आई-वडिलांची पत्रिका पुढे ठेवली की आधी विचारायचं, वेळ कुठून आली? दवाखान्याचा कागद, घरातली वही की आजीची आठवण? आठवण असेल तर लग्नावर उभं केलेलं सगळं बाजूला ठेवावं.

तिसरी गाठ कमी जणांच्या लक्षात येते. मंदगती ग्रहांचं जुळणं म्हणजे बऱ्याचदा वयातलं अंतर. शनीला सगळ्या राशी फिरायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात. या बाप-लेकात २९ वर्षांचं अंतर आहे, म्हणून वडिलांचाही शनी मिथुनेत आणि मुलाचाही. 'दोघांची भीती एकसारखी' असं त्यावरून ऐकायला छान वाटतं. पण त्या काळात तिशीच्या आसपास बाप झालेल्या असंख्य माणसांच्या पत्रिकेत हेच जुळतं. गुरूची फेरी सुमारे बारा वर्षांची, त्यामुळे चोविसाव्या वर्षी आई झालेल्या बाईचा आणि तिच्या मुलाचा गुरू बहुधा एकाच राशीत किंवा अगदी शेजारच्या राशीत सापडतो.

साडेसातीचंही तसंच. मकरेची साडेसाती जानेवारी २०१७ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०२५ मध्ये संपली. या काळात मुलगा तेरापासून एकविशीपर्यंत वाढला. भांडणं याच वर्षांत पेटली आणि आता निवत आली आहेत, हे खरं. पण शेजारच्या घरातल्या वृषभ राशीच्या मुलानेही तेरा ते एकवीस या वयात बापाशी असाच उभा दावा मांडला असेल, तर श्रेय शनीला द्यायचं की वयाला?

षडाष्टकाचाही हिशेब करून पाहता येतो. राशी बारा, त्यातल्या दोन (सहावी आणि आठवी) षडाष्टकाच्या. म्हणजे दर सहा बाप-लेकांमागे एक जोडी केवळ योगायोगाने षडाष्टकात येणार. आई, वडील आणि दोन मुलं अशा घरात पालक-मुलाच्या चार जोड्या होतात. अशा निम्म्याहून किंचित अधिक घरांत एकतरी षडाष्टक निघतंच. तक्रार घेऊन येणाऱ्याला ते सापडतं. ज्या घरात बाप-लेक षडाष्टक असूनही गोडीने राहतात, ते कोणी पत्रिका घेऊन जात नाहीत.

या गोष्टी मोजून पाहण्याचे प्रयत्नही झाले आहेत. मिशेल गोकलँ या फ्रेंच संशोधकाने १९६६ मध्ये हजारो पालक आणि मुलांच्या जन्मवेळा तपासून असा दावा केला, की पालकांच्या जन्मवेळी जो ग्रह उगवत किंवा माथ्यावर येत होता, तोच मुलांच्या जन्मवेळी तिथे असण्याचं प्रमाण अपेक्षेपेक्षा थोडं जास्त आहे. फ्रान्समध्ये जन्मनोंदीत वेळही लिहितात, म्हणून हे शक्य झालं. पुढे त्याने स्वतःच संगणकावर आणखी मोठी पाहणी केली, तेव्हा तो परिणाम दिसला नाही, आणि त्याने तसं जाहीरही केलं. आपल्याकडे जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना ओळखायला दिल्या होत्या. उत्तरं पाठवणाऱ्या २७ ज्योतिषांचं बरोबर येण्याचं प्रमाण ४६ टक्के निघालं. नाणं उडवलं असतं तरी साधारण तेवढंच आलं असतं.

असं असूनही आई ज्योतिषाकडून थोडी हलकी होऊन का परतते? कारण तिथे दोष माणसावरून उचलून राशीवर ठेवला जातो. 'तो उद्धट आहे' आणि 'त्याला वेळ लागतो' ही दोन वाक्यं वडिलांच्या कानाला फार वेगळी लागतात. दुसरं ऐकल्यावर माणूस निदान एकदा थांबून पाहतो.

पण हाच दोष मुलावर येऊन बसला की पत्रिका घातक होते. मूळ नक्षत्राच्या पहिल्या चरणावर जन्मलेलं मूल वडिलांना वाईट आणि दुसऱ्यावरचं आईला, असं मानतात. सत्ताविसाव्या दिवशी ते नक्षत्र फिरून आलं की शांत करतात. शांत होऊन जाते, पण 'हा झाला आणि यांचा धंदा बसला' हे वाक्य त्या मुलासमोर वर्षानुवर्षं बोललं जातं. षडाष्टकाचंही असंच होऊ शकतं. 'आमचं जमणारच नाही' म्हणून बापाने प्रयत्न सोडला, तर ते भाकीत त्याने स्वतःच खरं केलं.

ज्योतिषाने सांगितलेलं वाक्य आपल्याच घराचं आहे का, हे पाहायचं असेल तर त्यातलं नाव खोडून शेजारच्या बाप-लेकाचं घालून वाचावं. तिथेही चपखल बसलं तर ते पत्रिकेतून आलेलं नाही. या घरात 'त्याला उत्तर द्यायला वेळ लागतो' हे वाक्य शेजाऱ्यांकडेही बसलं. वडिलांनी ते तरीही धरून ठेवलं. कॉलेजच्या फीचा प्रश्न त्यांनी शनिवारी रात्री विचारला आणि वर म्हणाले, 'उद्या सांग, मसाला भाजताना.'